जत्रेच्या क्लिपमध्ये नेमकं काय वाजतंय: हलगी, संबळ, ताशा की अजून काही, कानाने कसं ओळखायचं

जत्रेची, पालखीची नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीची क्लिप कुणी टाकली की खाली लोक डोळे मिटून "ढोल-ताशा" लिहून मोकळे होतात, मग आत हलगी असो, संबळ असो नाहीतर नुसती दिमडी. व्हिडिओत वाजवणारा दिसत असेल तर प्रश्नच नाही, पण बऱ्याचदा दिसतो तो गुलाल, समोरच्याचं डोकं आणि अंधार, किंवा मग नुसता ऑडिओ असतो. अशा वेळी कानावरच भागवायचं तर काय क्रमाने ऐकायचं ते इथे लिहितोय. सगळी चर्मवाद्यं घेत बसत नाही, जास्त जोर काठीने वाजणाऱ्या तिघांवर, म्हणजे ताशा, हलगी आणि संबळ यांच्यावर, कारण खरा गोंधळ तिथेच होतो (गोंधळात तर होतोच).

आधी फाइल नीट मिळवा

व्हॉट्सॲपवर चार ग्रुप फिरून आलेली क्लिप आणि मूळ फोनमधली क्लिप यात खूप फरक असतो, वरचे बारीक आवाज आधी कापले जातात, आणि काठी आहे की हात हे सांगणारी माहिती नेमकी तिथेच असते. म्हणून ज्याने शूट केलंय त्याच्याकडे मूळ फाइल मागा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मग ती हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरला साधारण २००-३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही जमत नाही, आणि मोठ्या ढोलाचा मूळ दणका त्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे स्पीकरवर ढोल नुसता "टप टप" असा पोकळ ऐकू येतो आणि माणूस म्हणतो ढोल नाहीच्चे, डफ आहे. अजून एक, फोन रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. ढोलाचा ठोका पडला की पुढच्या क्षणी बाकी सगळं दबतं आणि मग हळूहळू वर येतं. हे ऐकून वाटतं ताशावाला मुद्दाम हळू वाजवून मोठा करत नेतोय, तर तसं काही नसतं. झांजेकडे लक्ष द्या, झांजही त्याच वेळी दबून वर येत असेल तर ते फोनचं काम आहे, वाजवणाऱ्याचं नाही.

आवाज फाटला असेल तर त्या तुकड्यावरून निर्णय घ्यायचाच नाही. फाटलेल्या आवाजात नसलेले वरचे सूर तयार होतात आणि हाताची साधी थाप पण काठीसारखी कडक ऐकू येते. क्लिपमध्ये वाजवणारे थोडे लांब गेलेत असा तुकडा शोधा, लोक जवळचा मोठा आवाज चांगला समजतात पण ओळखायला लांबचा स्वच्छ तुकडाच कामाला येतो.

त्या आवाजाबरोबर गुणगुणता येतंय का

ही सगळ्यात सोपी चाळणी आहे आणि निम्मं काम इथेच होतं. वरच्या, बारीक बाजूचा एक मोकळा ठोका ऐका आणि त्याच सुरात "आ" लावून बघा. सूर सापडला आणि दरवेळी तोच सापडला, तर पुडीवर, म्हणजे वाद्याच्या कातड्यावर, मधोमध शाईचा काळा गोल थर असलेलं वाद्य आहे, म्हणजे ढोलकी, पखवाज, तबला यातलं काहीतरी. सूर लागतच नाही, नुसतं "हे वरचं, ते खालचं" एवढंच सांगता येतंय, तर साधं कातडं किंवा फायबरचं पान आहे, म्हणजे ताशा, हलगी, डफ, दिमडी, ढोल या घरातलं.

कारण असं की साध्या ताणलेल्या कातड्यातून एकाच वेळी जे अनेक सूर निघतात ते एकमेकांच्या पटीत बसत नाहीत, पहिला १ धरला तर पुढचे साधारण १.५९, २.१४, २.३० असे कुठेही पडतात आणि कानाला एक सूर धरता येत नाही. मधे शाईचं वजन आलं की ते बरेचसे सरळ पटीत येतात, २, ३, ४ असे, आणि सूर ऐकू येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली नेमकं याच्यावरच लिहिलं होतं.

आता शाईवाल्यांत ढोलकी आणि पखवाज वेगळे करणं तसं जड नाही. ढोलकीचा उजवा सूर उंच आणि टणटणीत, लावणीत किंवा घरच्या आरतीत तो सगळ्यांच्या वर निघतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते त्यामुळे खालची थाप जड, रुंद आणि घुमणारी येते, आणि दिंडीत टाळांच्या गर्दीत सुद्धा ती खालून जाणवत राहते. दोन्ही हातानेच वाजतात. इथे जास्त थांबत नाही.

काठी की हात

लोक म्हणतात कडक आवाज म्हणजे काठी आणि मऊ आवाज म्हणजे हात. तेवढ्यावर जाऊ नका. दिमडीवर बोट कडेला बसलं की चांगलाच कडक आवाज येतो. ऐकायचं ते ठोक्याचं तोंड, म्हणजे आवाज सुरू होतो तो पहिला क्षण. काठी कातड्याला फार थोडा वेळ टेकते, त्यामुळे सुरुवातीलाच एक कोरडी "टक" येते आणि मग कातड्याचा आवाज. हातात मांस आहे, तो टेकायला आणि उठायला वेळ घेतो, सुरुवात किंचित बोथट येते.

हे ऐकायला क्लिप स्लो करावी लागते आणि इथे एक गोची आहे. यूट्यूबवर किंवा बहुतेक प्लेअरमध्ये ०.५ स्पीड केला की सूर तोच ठेवून वेळ ताणली जाते, आणि ताणताना ठोक्याचं तोंडच फेसाळतं, म्हणजे जे ऐकायचंय तेच बिघडतं. त्यापेक्षा ऑडॅसिटीमध्ये फाइल उघडा आणि `Change Speed` वापरा (नवीन व्हर्जनमध्ये `Change Speed and Pitch`), `Change Tempo` नको. सूर खाली जाईल, सगळं राक्षसासारखं ऐकू येईल, येऊ दे, पण ठोक्याची सुरुवात जशीच्या तशी लांब होऊन मिळेल. लय आणि बोल मोजायचे असतील तेव्हा मात्र `Change Tempo` चालेल.

डोळ्यानेही बघता येतं. ट्रॅकच्या मेनूतून `Spectrogram` निवडा. काठीचा ठोका म्हणजे खालपासून खूप वरपर्यंत गेलेली एक बारीक उभी रेघ, हाताचा ठोका म्हणजे खाली जाड आणि वर जाताना लवकर विरणारी. पण हे वाचायच्या आधी त्याच क्लिपमधली झांज किंवा टाळ शोधा. झांजेचा पट्टा ८-१० हजार हर्ट्झच्या वर गेलेला दिसत असेल तर रेकॉर्डिंगने वरचं ठेवलंय आणि ठोक्याची रेघ का विरली याला अर्थ आहे. झांजच कापलेली दिसत असेल तर मग काठीची रेघ पण कापलेलीच असणार, तेव्हा या पुराव्यावर हात ठरवू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा, एकाच वाद्यावर काठी आणि हात दोन्ही असू शकतात. पुण्याच्या पथकांचा ढोल एका बाजूने टिपरूने आणि दुसऱ्या बाजूने पंजाने वाजतो. म्हणून "काठी आहे" एवढं कळल्यावर थांबायचं नाही, प्रत्येक आवाजाला वेगळं विचारायचं.

काठीवाल्यांत नाव कसं ठरवायचं

ताशा आधी बाजूला काढा, तो सोपा आहे. दोन्ही हातात सारख्याच बारीक काड्या, उथळ धातूचं भांडं, खूप ताणलेलं पान, त्यामुळे आवाज उंच, कोरडा, पटकन संपणारा. आणि मुख्य म्हणजे दोन्ही हातांचे ठोके जवळजवळ सारखे ऐकू येतात. ताशावाला तर्री घेतो तेव्हा ठोके इतके दाट होतात की वेगळे मोजता येत नाहीत, सलग सरसर ऐकू येते आणि मधेच एक कडक ठोका वर उसळतो. स्लो केल्यावर डावा कुठला उजवा कुठला हे सांगता येत नसेल तर ताशाकडे झुका.

हलगीत हे सांगता येतं, कारण दोन्ही हातांतली हत्यारंच वेगळी. उजव्या हातात आखूड, जाडसर टिपरू, आणि डाव्या हाताने हलगीचं कडं धरलेलं असतं त्याच हाताच्या बोटात लांब, लवचिक, बारीक काडी. टिपरूचा ठोका भरलेला "ठण", काडीचा ठोका बारीक "चट". त्यामुळे हलगीची चाल नेहमी दुपदरी ऐकू येते, जड ठोक्यांची एक ओळ आणि मधल्या जागा भरणारी बारीक ओळ. पाठ उघडी असल्याने आवाज मोकळा आणि खणखणीत सुटतो. जुन्या कातड्याची हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, आणि याचा ओळखायला फार उपयोग होतो: लांब रेकॉर्डिंग असेल तर सुरुवातीचा आणि वीस-पंचवीस मिनिटांनंतरचा आवाज शेजारी ठेवून ऐका. कातडं गार पडत, हवेतला ओलावा घेत सैल होतं आणि आवाज खाली उतरतो, मग एखादी विश्रांती होते आणि नंतर तो अचानक परत चढलेला असतो कारण मधे कुणीतरी शेकून आणली. फायबरच्या पानाचं असं होत नाही. मात्र आता हलगीलाही फायबर बसवतात, म्हणजे आवाज उतरला तर कातडं नक्की, नाही उतरला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन भांडी, एक लहान तोंडाचं उंच आवाजाचं, एक मोठ्या तोंडाचं खालच्या आवाजाचं, कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायची, त्यातल्या एका काठीचं टोक वळवलेलं असतं. गोंधळात हेच. इथेही दोन आवाज ऐकू येतात, जड आणि बारीक, आणि म्हणून हलगी की संबळ हा वाद सुरू होतो.

याचा निकाल असा लावायचा. हलगीत दोन्ही आवाज *एकाच* कातड्यातून येतात. त्यामुळे बारीक "चट" मध्येसुद्धा खालच्या "ठण"चा मूळ सूर थोडासा तरी शिल्लक असतो, कातडं तेच आहे ना, कडेला मारलं तरी सगळंच हलतं. संबळात बारीक आवाज दुसऱ्या भांड्यातून येतो, त्याला खालच्या आवाजाशी घेणंदेणं नसतं. मग क्लिपमध्ये अशी जागा शोधा जिथे थोडी शांतता आहे आणि नंतर बारीक ठोका *एकटा* पडलाय. शांतता यासाठी की आधीच्या जड ठोक्याची घुमार त्यात मिसळू नये. तेवढा तुकडा निवडून `Plot Spectrum` बघा, मग जड ठोक्याचा तुकडा निवडून बघा. जड ठोक्याचा सगळ्यात खालचा उंचवटा जिथे आहे तिथेच बारीक ठोक्यातही लहानसा उंचवटा दिसला तर एक कातडं, हलगी. बारीक ठोक्यात तिथे सपाट आणि त्याचा स्वतःचा तळ बराच वर, तर दोन कातडी. कंप्युटर नसेल तर हेडफोनवर तो एकच ठोका लूप करून ऐका, सवय झाली की कानालाही कळतं.

दोन कातडी म्हणजे मात्र लगेच संबळ नाही. हलगीच्या जोडीला खालच्या आवाजाचं घुमकं असतं, झांजेसारखं कैताळ असतं, आणि घुमक्याचा खालचा आवाज हलगीच्या ठोक्याबरोबरच पडत राहिला तर कानाला ते एकच दोन-आवाजी वाद्य वाटतं. इथे वाजवणारे किती आहेत ते शोधावं लागतं.

एक क्लिप घेऊन बघू

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात सापडेल अशी क्लिप धरा. रात्र, देवळाबाहेर पालखी, पाऊण मिनिटाचा व्हिडिओ, दिसतात फक्त पाठमोरे लोक आणि मशाल, कॅप्शनमध्ये "संबळ". देवीची पालखी आहे म्हणजे संबळच, असं लिहिणाऱ्याने धरलेलं असतं.

पहिले काही सेकंद आवाज फाटलेला आहे, सोडून द्यायचे. पुढे पालखी वळते, वाजवणारे जरा लांब जातात, तिथून ऐकायला सुरुवात. गुणगुणून बघितलं, सूर धरता येत नाही, म्हणजे ढोलकी-पखवाज बाद. कैताळाचा पट्टा वरपर्यंत नीट दिसतोय, आणि वरच्या आवाजाचे ठोकेही तितकेच वर गेलेल्या बारीक रेघा आहेत, म्हणजे काठी. खालचा आवाज जाड आणि वर लवकर विरणारा, त्याचं हात की काठी अजून ठरवायचं नाही.

आता वरचा आवाज स्लो केला तर तो सुद्धा एकसारखा नाही, त्यात जड-बारीक असे दोन पदर निघतात. इथेच कॅप्शनवर शंका यायला पाहिजे, कारण संबळ असतं तर एकूण दोन मुख्य आवाज पुरेसे होते, इथे तीन झाले: खालची घूम, मधला "ठण", वरचा "चट". "ठण" आणि "चट" यांचा तळ तपासला, एकच निघाला, एक कातडं. म्हणजे वरचं वाद्य हलगी आणि खालची घूम वेगळ्या कुणाची तरी.

ती वेगळ्या माणसाची आहे का, याची खूण शूट करणाऱ्यानेच दिलीये. मधे तो फोन घेऊन डावीकडे सरकतो. तेव्हा "ठण-चट" दोन्ही मिळून बारीक होतात पण घूम तेवढीच राहते, उलट थोडी वाढते. एकाच माणसाच्या कमरेला बांधलेली दोन भांडी असती तर दोन्ही आवाज बरोबरच लांब गेले असते. शिवाय घूम आणि "ठण" एकत्र पडायला हवेत तिथे झूम करून पाहिलं तर कधी घूम आधी, कधी "ठण" आधी, अंतर दरवेळी बदलतंय. एका माणसाचे दोन हात सहसा इतके सुटे पडत नाहीत, दोन माणसांचे पडतात. म्हणजे हलगी, घुमकं आणि कैताळ, संबळ नाही.

घुमकं हे नाव मात्र मी इथे अर्धं संगतीवरून घेतोय, ते लिहिताना तसंच लिहायचं: "हलगी नक्की, सोबत खालच्या आवाजाचं वाद्य, बहुतेक घुमकं." सरसकट तिन्ही नावं ठोकून दिली तर पुढचा माणूस ती तशीच उचलतो.

सूर घसरत असेल तर

ठोका पडल्यावर सूर सरकतोय, "घुंऽम" किंवा "टुंऽई" असा, तर आधी तो वर जातोय की खाली ते बघा. ढोलकीच्या डाव्या बाजूला मनगट दाबून कातडं ताणतात, सूर वर चढतो, आणि उजवीकडे शाईचा टणटणीत सूर चालूच असतो. चौंडक्यात तार कातड्याला जोडलेली असते आणि ती ताणत-सैल करत छेडतात, त्यामुळे तिथे थापेचा आवाज नसतोच, तारेचा झणका असतो आणि घसरण खूप लांब असते. यल्लम्मा-रेणुकेच्या गाण्यात ऐकलं असेल.

गोव्याच्या चवथीच्या आरतीत घुमट असतं, तिथे गंमत वेगळी. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं आणि दुसरं तोंड उघडं, उजव्या हाताची बोटं कातड्यावर आणि डावा पंजा त्या उघड्या तोंडावर. पंजाने तोंड झाकत आणलं की आतल्या हवेचा सूर खाली येतो, उघडलं की वर जातो. म्हणजे इथे कातड्याची "टप" तीच राहते आणि तिच्या मागची हवेची घूम सरकते, हे दोन थर वेगळे ऐकू आले की घुमट म्हणायला हरकत नाही. पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहे, आता बकऱ्याचं लावतात, म्हणून जुन्या आणि नव्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचा पोत थोडा वेगळा वाटला तर दुसरं वाद्य समजू नका. त्याच आरतीत काठ्यांनी वाजणारं समेळ असतं, झांजेसारखी कासाळं असतात. बारीक कडक ठोके समेळाचे, सरकणारी घूम घुमटाची. एकाच क्लिपमध्ये काठी आणि हात दोन्हीचे पुरावे आले म्हणून गोंधळून जायचं कारण नाही.

आणि ऑक्टोपॅड

आजकाल हे आधी तपासावं असं माझं मत होत चाललंय. बेंजो पार्टीत आणि ऑर्केस्ट्रात हलगी, संबळ, ढोलकी सगळं पॅडवरून येतं, आणि आवाज खऱ्या वाद्याचाच भरलेला असल्याने वरच्या सगळ्या चाचण्या ते आरामात पास होतं. याची चाचणी एकच: एकाच प्रकारचे पाच-सहा ठोके घ्या आणि झूम करून त्यांचे आकार एकाखाली एक ठेवा. माणूस काठी दरवेळी थोडी वेगळ्या जागी मारतो, आकार बदलतो. पॅडचे ठोके लहानमोठे असतील पण आकार हुबेहूब तोच, छापल्यासारखा. बरं, स्पीकरमधून आलेल्या आवाजाला भिंतीची घुमार चिकटते त्यामुळे शेपट्या वेगळ्या दिसू शकतात, तेव्हा फक्त सुरुवातीचा भाग तपासा.

गाव, देव आणि प्रसंग सगळ्यात शेवटी

जेजुरीची क्लिप आहे म्हणून दिमडी, कुस्तीचं मैदान आहे म्हणून हलगी, गोंधळ आहे म्हणून संबळ, ही माहिती खोटी नाही पण ती आधी कानात शिरली की पुढे तेच ऐकू येतं. म्हणून आधी कॅप्शन न वाचता कागदावर चार ओळी लिहा: सूर धरता येतो का, काठी की हात, कातडी किती, सूर सरकतो का. मग प्रसंग बघा. जुळलं तर नाव पक्कं. जुळलं नाही तर प्रसंगापेक्षा कानाला जास्त मत द्या, कारण जत्रेत एका वेळी तीन गावांची वाजंत्री असतात आणि देवळातला नगाराही मागून चालू असतो.

नाव लिहिताना ज्या भागातली क्लिप आहे तिथलं नावही शेजारी लिहा. विदर्भ-मराठवाड्यात बरेच लोक कड्यावरच्या अशा वाद्याला डफडं म्हणतात, तिथल्या माणसाने "डफडं" लिहिलं आणि तुम्ही खाली "चूक, हलगी आहे" लिहिलंत तर भांडण होईल आणि तो त्याच्या जागी बरोबर असेल. त्यापेक्षा वर्णन लिहा, कड्याचं, एका कातड्याचं, दोन वेगवेगळ्या काड्यांनी वाजणारं, मग नाव कुठलंही असो, शोधणाऱ्याला सापडतं.